मदर्स डेला बॅग विकायची असेल तर आधी आईची जुनी बॅग उघडून बघा

मदर्स डे मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येतो, म्हणजे 2026 ला 10 मे, 2027 ला 9 मे. आणि घरून बॅगा विकणाऱ्या आपल्यासारख्यांची पोस्ट टाकायची धावपळ त्याच्या दोन-तीन दिवस आधी सुरू होते. गुलाबी बॅकग्राउंड, मधे बॅग, वर "आईच्या मायेला मोल नाही", खाली "आजच ऑर्डर करा". मी स्वतः तीन वर्षं हेच केलं. लाइक भरपूर यायचे, बदाम यायचे, "खूप सुंदर" अशा कमेंट यायच्या आणि ऑर्डर दोन किंवा तीन.

कारण नंतर कळलं. मायेचं वाक्य वाचून माणसाला जे वाटायचं ते वाटून जातं, तो बदाम दाबतो आणि त्याचं काम तिथंच संपतं. त्या वाक्यात बॅगेबद्दल काहीच नसतं, तेच वाक्य साडीवाला, केकवाला, दागिनेवाला सगळेच टाकतात. वाचणाऱ्याच्या डोक्यात जो खरा प्रश्न असतो, की "आईला ही आवडेल का, ती वापरेल का", त्याला उत्तरच मिळत नाही. बॅग घेणारा मुलगा किंवा मुलगी असते आणि वापरणारी आई, आणि या दोघांच्या मधे तो प्रश्न अडकलेला असतो. तो सोडवणारी पोस्ट लिहायची, एवढंच काम आहे. मी ते कसं करते ते पहिल्यापासून सांगते.

एप्रिलच्या मध्यावर: विचारायचं

पोस्ट लिहायच्या आधी माल जमवावा लागतो, आणि इथं माल म्हणजे लोकांच्या आया बॅगेत काय ठेवतात याची माहिती. साधारण 15 एप्रिलला मी जुन्या 20-25 गिऱ्हाइकांना एकेकीला मेसेज करते, सगळ्यांना एकच फॉरवर्ड नाही. त्यात एकच प्रश्न असतो: "ताई, एक विचारू? तुमच्या आईंच्या रोजच्या बॅगेचं आत्ता काय बिघडलंय?"

"आईला कशी बॅग आवडेल" असं विचारलं की "साधी, छान" असं उत्तर येतं, त्याचा काही उपयोग नाही. काय बिघडलंय विचारलं की मात्र लोक भडाभडा सांगतात. चेनचा रनर तुटलाय आणि तिथं सेफ्टी पिन लावलीय. चष्मा तळाशी जातो आणि बँकेत काउंटरवर उभं राहून सगळी बॅग उपसावी लागते. गोळ्यांची पाकिटं, आधार कार्ड आणि बसचं तिकीट एकाच कप्प्यात कोंबलेलं असतं. एक कप्पा असा असतो की जो उघडतच नाही पण त्यात देवाचा अंगारा आहे म्हणून बॅग बदलत नाही. ही सगळी उत्तरं मी वहीत जशीच्या तशी लिहून ठेवते, त्यांच्याच शब्दांत, कारण पुढं पोस्टची पहिली ओळ यातूनच निघते. कुणाचं वाक्य वापरायचं असेल तर नाव न घेता वापरू का एवढं विचारून घ्यायचं. आजवर कुणी नाही म्हणालेलं नाही.

याच वेळी अजून एक काम करायचं, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्यांची आई आता नाही त्यांच्या फोनवर पंधरा दिवस "आईला काय देताय" आदळत राहणं बरोबर नाही. म्हणून व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर सुरुवातीलाच एक साधा मेसेज टाकते: "मे महिन्यात आईसाठीच्या बॅगांचे मेसेज येतील. नको असतील तर फक्त 'नको' लिहा, कारण विचारणार नाही." ज्यांचं 'नको' येतं त्यांना लेबल लावून त्या लिस्टमधून काढते आणि जूनमध्ये परत घेते. एका ताईंनी 'नको' लिहिलं आणि दिवाळीला चार बॅगा घेतल्या. ब्रॉडकास्टचं एक लक्षात ठेवा, एका लिस्टमध्ये 256 जणच बसतात आणि तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. सेव्ह केलेला नसेल तर तुम्ही पाठवत राहता आणि पलीकडं काहीच दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक जुन्या ऑर्डरच्या वेळीच "नंबर सेव्ह करून ठेवा" सांगायची सवय लावा.

दोनच बॅगा निवडायच्या आणि त्यांची मापं घ्यायची

दुकानात तीस डिझाइन असली तरी मदर्स डेला दोनच पुढं करते, फार तर तीन. पर्याय जास्त दिले की मुलगा फोटो सेव्ह करतो, "ताईला विचारतो" म्हणतो आणि रविवार उलटून जातो.

निवडायच्या कशा, तर वहीतल्या तक्रारी आणि बॅग समोरासमोर ठेवून. मग स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि शिवणाची टेप घेऊन बसायचं. चार गोष्टी मोजायच्या.

पहिलं, रिकाम्या बॅगेचं वजन. हे कुणीच लिहीत नाही आणि खांदा दुखणाऱ्या आईसाठी हेच सगळ्यात मोठं आहे. माझी कॅनव्हासची मधली बॅग 380 ग्रॅम भरते आणि त्याच साइजची जाड रेक्झिनची, मोठी बक्कल असलेली 700 च्या वर जाते. त्यात पाण्याची बाटली पडली की फरक किती होतो ते कुणाला समजवावं लागत नाही.

दुसरं, पट्टा वर ताणून धरला की बॅगेच्या तोंडापासून पट्ट्याच्या टोकापर्यंतचं अंतर. 9-10 इंच असेल तर ब्लाउजच्या बाहीवरून, स्वेटरवरून सुद्धा खांद्याला आरामात जाते. 5-6 इंच असेल तर ती हातात किंवा कोपरात अडकवायची बॅग, खांद्याला जाणारच नाही. साडी नेसणाऱ्या आईचं अजून एक असतं, सिंथेटिक साडीच्या पदरावरून गुळगुळीत रेक्झिनचा बारीक पट्टा सारखा घसरतो आणि ती चालताना दर दहा पावलांनी वर ओढत राहते. पट्टा दीड इंच रुंद आणि आतून कापडी असेल तर घसरत नाही. हे तुम्ही स्वतः साडी नेसून जिना चढून उतरून बघा, मगच लिहा.

तिसरं, अस्तराचा रंग. काळ्या अस्तरात काळी चष्म्याची डबी दिसत नाही, सत्तरीच्या डोळ्यांना तर नाहीच. क्रीम किंवा फिकट पिवळं अस्तर असलं की किल्ली लगेच सापडते. मी आता आईसाठीच्या सगळ्या बॅगांना फिकटच अस्तर लावून घेते, लवकर मळतं हे खरं आहे आणि तेही मी विचारलं तर सांगते.

चौथं, रनर. बोटं आखडत असतील तर छोटा रनर धरता येत नाही. त्याला तीन इंचाचा जाड दोऱ्याचा गोंडा बांधला की काम झालं, खर्च पाच-सात रुपये.

पोस्ट लिहायची कशी, एक पूर्ण करून दाखवते

माझी जुनी पोस्ट अशी होती: "जिने आपल्याला सर्व काही दिलं तिला द्या खास भेट! प्रीमियम क्वालिटी हँडबॅग, स्टायलिश लुक, प्राइससाठी इनबॉक्स करा." यातला एकही शब्द बॅग उघडून बघून लिहिलेला नाही.

वहीत एका ताईंचं वाक्य होतं, "आई बँकेत गेली की चष्म्यासाठी सगळी बॅग काउंटरवर रिकामी करते आणि मागची रांग चिडते." त्यावरून लिहिलेली पोस्ट ही:

"बँकेत आईचा चष्मा सापडेपर्यंत मागची रांग वाढत जाते, हे तुमच्याकडेही होतं का?

या बॅगेच्या आत उजव्या हाताला चष्म्याचा उभा कप्पा आहे, मऊ कापडाचा, हात घातला की तोच लागतो. अस्तर क्रीम रंगाचं आहे, त्यामुळे किल्ली आणि पासबुकही दिसतं. रिकामी बॅग 380 ग्रॅम. 11 इंच रुंद, 9 उंच, खांद्याला जाते.

1150 रुपये, महाराष्ट्रात कुरिअर धरून. निळी, मेंदी आणि विटकरी.

10 मेच्या आधी पोचायला हवी असेल तर 4 मेपर्यंत सांगा. मेसेजमध्ये फक्त AAI1 लिहा."

आता यातली एकेक गोष्ट अशी का आहे ते बघा. पहिली ओळ आईच्या एका रोजच्या अडचणीची आहे, इन्स्टाग्रामवर कॅप्शनच्या पहिल्या दीड-दोन ओळीच दिसतात आणि बाकी more च्या मागं जातं, म्हणून ती ओळ एकटी वाचली तरी पूर्ण कळली पाहिजे. तिथं "मदर्स डे ऑफर" असे शब्द घालून ती जागा वाया घालवू नका. त्या ओळीत आईची चेष्टाही होता कामा नये. "आईची बॅग म्हणजे भंगाराचं दुकान" अशा पोस्ट लोक हसून शेअर करतात, पण ती वाचून कुणी आईसाठी बॅग घेत नाही, आणि आईनं ती वाचली तर तिला वाईट वाटतं.

मग उत्तर, म्हणजे कप्पा नेमका कुठं आहे, कोणत्या कापडाचा आहे. "भरपूर कप्पे" लिहिण्यापेक्षा "उजव्या हाताला उभा कप्पा" लिहिलं की वाचणाऱ्याला बॅग हातात घेतल्यासारखी वाटते. मग किंमत, उघड. इनबॉक्समध्ये किंमत विचारायला नोकरी करणाऱ्या मुलाला वेळ नसतो आणि बऱ्याच जणांना संकोचही वाटतो, की विचारलं आणि परवडली नाही तर. कुरिअर धरूनच आकडा द्या, म्हणजे शेवटी 80 रुपये वाढले म्हणून ऑर्डर थांबत नाही.

आणि शेवटी एकच कृती. "कमेंट करा, शेअर करा, फॉलो करा, डीएम करा" असं चार दारं दाखवली की माणूस एकातूनही येत नाही. AAI1 हा शब्द मी मुद्दाम देते, दुसऱ्या पोस्टला AAI2, तिसरीला AAI3, म्हणजे कोणत्या पोस्टनं ऑर्डर आणली ते वहीत आपोआप कळतं. इंग्लिश अक्षरं अशासाठी की कुठल्याही कीबोर्डवर पटकन टाइप होतात. स्टोरीला लिंक लावताना तर मेसेज आधीच लिहिलेला येईल असं करा:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=AAI1
```

X च्या जागी तुमचा दहा आकडी नंबर. ही लिंक इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये टाकली तर दाबता येत नाही, ती स्टोरीच्या लिंक स्टिकरमध्ये आणि बायोमध्ये चालते.

फोटोत काय

पांढऱ्या बॅकग्राउंडवरचा एक फोटो लागतोच, रंग कळायला. पण ऑर्डर आणणारा फोटो दुसराच असतो. चादरीवर आईच्या बॅगेतलं खरं सामान मांडायचं: चष्म्याची डबी, गोळ्यांची दोन पाकिटं, पासबुक, छोटा रुमाल, पाण्याची अर्धा लिटरची बाटली, घडीची पिशवी, लवंग-वेलचीची डबी. शेजारी बॅग. आणि पुढचा फोटो, हे सगळं आत गेलेलं आणि चेन बंद झालेली. व्हिडिओ करायचा तर 12-15 सेकंदांचा, माझ्या आईचे हात, बांगड्यांसकट, एकेक वस्तू आत ठेवते आणि शेवटी गोंडा धरून चेन ओढते. गाणं लावत नाही, चेनचा आवाज तसाच ठेवते. मागच्या वर्षी माझ्या 31 ऑर्डरपैकी 14 या एका व्हिडिओच्या शब्दावरून आल्या आणि त्यात आई हा शब्द एकदाही नव्हता.

बॅगेला कागद भरून फुगवून फोटो काढायचा मोह होतो, तो टाळा. घरी पोचल्यावर ती तशी दिसत नाही आणि मग "फोटोत वेगळी होती" हे ऐकावं लागतं.

कोणत्या दिवशी काय

रविवारपासून मागं मोजायचं. 2026 ला 1 मे शुक्रवारी येतोय, महाराष्ट्र दिनाची सुट्टी, त्याला लागून शनिवार-रविवार, म्हणजे त्या तीन दिवसांत कुरिअरचा पिकअप होईलच असं धरू नका. त्यामुळे महाराष्ट्राबाहेरच्या ऑर्डर 29 एप्रिललाच बंद, महाराष्ट्रातल्या 4 मेपर्यंत, आणि स्वतःच्या शहरात हातोहात द्यायच्या 8 मेपर्यंत. मे महिन्यात लग्नसराई आणि सुट्ट्या असतात, बऱ्याच आया माहेरी नाहीतर गावाला गेलेल्या असतात, म्हणून "10 तारखेला आई कुठल्या पत्त्यावर असेल" हे विचारायचंच.

पोस्ट एकूण पाच पुरतात. 22 एप्रिलला चष्म्याची, 25 ला साडीच्या पदराची आणि पट्ट्याची, 27 ला वजनाची, ज्यात वजनकाट्यावर ठेवलेल्या दोन बॅगांचा फोटो. मग 3 मेला फक्त तारखेची, "उद्या संध्याकाळी 6 नंतर महाराष्ट्रातल्या ऑर्डर घेणार नाही, निळ्या 4 उरल्यात". हे खरं असेल तरच लिहायचं. 4 उरल्यात म्हणून दहा दिवस सांगत राहिलं की लोक पुढच्या वर्षी विश्वास ठेवत नाहीत. शेवटची 7 मेला, फक्त आपल्या शहरासाठी.

लंडनला राहणाऱ्या मराठी मुलांचा एक घोळ होतो, तिकडं मदर्स डे मार्चमध्ये येतो (2026 ला 15 मार्च) आणि त्यांना वाटतं तो होऊन गेला. अमेरिकेत मात्र आपल्यासारखाच मेचा दुसरा रविवार. त्यामुळे स्टोरीत तारीख लिहाच.

ऑर्डर आली की

AAI1 आला की मी तीनच गोष्टी विचारते: आई रोज साडी नेसतात की ड्रेस, बॅग खांद्याला लावतात की हातात, आणि आत्ताची बॅग कोणत्या रंगाची आहे. तिसरं अशासाठी की रोज काळी-तपकिरी वापरणाऱ्या आईला फिकट गुलाबी दिली तर ती "चांगली आहे, लग्नाला वापरीन" म्हणून कपाटात ठेवते आणि रोजची जुनीच चालू राहते. कधीकधी उत्तरं ऐकून मी सांगते की ही नको, दुसरी घ्या, आणि ती दुसरी स्वस्तही असते. तिथं 200 रुपये जातात, पण परत आलेल्या बॅगेचं दोन्ही बाजूंचं कुरिअर त्याहून जास्त जातं.

सगळ्यात जास्त गडबड होते ती पार्सल पोचताना. कुरिअरवाला लेबलवरच्या नंबरला फोन करतो, तो आईचा असेल तर आई म्हणते "मी काही मागवलेलं नाही" आणि परत पाठवते. आणि ते बरोबरच आहे, पार्सलच्या नावानं फसवणूक होते हे प्रत्येक आईला सांगून ठेवलेलं असतं. माझी पहिल्या वर्षीची तीन पार्सल अशीच फिरून आली, सोमवारी. आता लेबलवर नंबर मुलाचा किंवा शेजाऱ्यांचा आणि पाठवणाऱ्याच्या खाली मुलाचं नाव. भेटीसाठी कॅश ऑन डिलिव्हरी अजिबात घेत नाही, आईलाच दारात 1150 मोजावे लागतात. परदेशातल्या मुलाचं यूपीआय चालत नसेल तर इथल्या भावाबहिणीकडून पैसे घेते.

आत बिल टाकायचं नाही, ते मुलाला व्हॉट्सअॅपवर. किमतीचा टॅग काढायचा, कारण आई पहिल्यांदा तोच शोधते आणि मग दिवसभर "कशाला एवढा खर्च केलास". चिठ्ठी ठेवायची, पण छापील मायेची नाही. मुलाला म्हणते, तुमच्या शब्दांत एक ओळ सांगा, मी हातानं लिहिते. सुचत नसेल तर कप्प्याबद्दल लिहा म्हणते. गेल्या वर्षी एकानं लिहायला सांगितलं, "आई, गोळ्या मागच्या चेनमध्ये ठेव, सकाळच्या डावीकडं." ती चिठ्ठी लिहिताना माझाच हात थांबला होता.

रविवारनंतर

मंगळवारी किंवा बुधवारी, सोमवारी नाही, एक मेसेज करते: "आईंनी बॅगेत पहिल्यांदा काय ठेवलं?" आवडली का विचारलं की "हो" येतं आणि बोलणं संपतं. काय ठेवलं विचारलं की खरं उत्तर येतं, आणि बॅगेत काय चुकलंय तेही कळतं. याच प्रश्नातून कळलं की माझा मोबाइलचा कप्पा कव्हर लावलेल्या मोठ्या फोनला अर्धा इंच कमी पडतोय. तो आता 4 इंच रुंद केलाय.

ही उत्तरं वहीत दुसऱ्या पानावर जातात. आपल्याकडं श्रावणातली पिठोरी अमावस्याही मातृदिन म्हणून पाळतात, आणि त्या दिवसाच्या पोस्टची पहिली ओळ मला या पानावरच मिळते. मागच्या वेळी ती अशी होती: "आईनं नवीन बॅगेत सगळ्यात आधी जुन्या बॅगेतली सेफ्टी पिन ठेवली."